न फुटलेलं रक्त

पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीजवळ एक छोटं धर्मादाय रुग्णालय होतं. तिथल्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले ती वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन. प्रयोगशाळा म्हणजे मागच्या अंगणाकडे उघडणारी एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक तराजू आणि पाणी ऊर्ध्वपातित करायचं तांब्याचं भांडं. वडील देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होते. त्यांनी मला पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचं नाव आधी इंग्रजीत सुचायचं. मराठीत बोलायची वेळ आली की मी गप्प बसायचे. लोक त्याला शिष्टपणा म्हणत. मी तो समज खोडायला गेले नाही, कारण खोडायचा तर बोलावं लागलं असतं.

डॉक्टरांनी मात्र मला बोलायला लावलं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना शिरेतून द्यायचं पाणी मिठाचंच का लागतं, हे दाखवून द्यायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. आमच्याकडे सलाइन रुग्णालयातच तयार होई. मीठ घालायला विसरलं तर काय होईल हे त्या मुलींना डोळ्यांनी दिसायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

अंगणात कुंपणाला लागून खालून जांभळी पानं असलेलं एक झुडूप होतं. त्या पानाची खालची पातळ साल सोलून मी काचेवर ठेवली. साध्या पाण्यात त्या पेशी जांभळ्या रंगाने काठोकाठ भरलेल्या, टणक दिसत. मग कडेने तीव्र मिठाचं पाणी सोडलं. मुली पाळीपाळीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत होत्या.

भोसरीकडच्या शेतकरी घरातली एक मुलगी सर्वांत धीट होती. ती ओरडली, "आवं ताई, जांभळा रंग आत आत चाललाय! भिंत तिथंच हाय, आतलं मात्र आक्रसलं."

"पाणी बाहेर गेलं," मी म्हणाले. "बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी बाहेर. आतलं पातळ पटल भिंतीपासून सुटलं."

"आन् आता पुन्हा साधं पाणी सोडलं तर?"

"लगेच सोडलंस तर पुन्हा फुगेल."

तिने सोडलं. जांभळा रंग हळूहळू भिंतीला जाऊन टेकला. "फुगून टम्म झाली की! फुटत कशी न्हाई?"

"भिंत आहे ना. पाणी आत शिरतं, पण भिंत दाबून धरते. मग आणखी शिरायला जागा नाही. कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवली की ताठ होते ती त्याचमुळे."

मग मी माझ्या बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब घेतले. नेमक्या प्रमाणातल्या मिठाच्या पाण्यात रक्तपेशी होत्या तशा राहिल्या, चपट्या, मधे खोलगट. पाणी आत जातं तेवढंच बाहेर येतं. तीव्र मिठात त्या सुकून काटेरी झाल्या. साध्या पाण्यात मात्र मुलींना काहीच दिसेना. पेशी फुगून गोल झाल्या आणि फुटल्या, रंग पाण्यात उतरला.

"हिला भिंत न्हाई," ती मुलगी हळूच म्हणाली. त्यानंतर त्या वर्गात माझी बोलायची भीती थोडी कमी झाली.

त्याच उन्हाळ्यात छावणीतली एक बाई तिच्या चार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. सिंधमधून सगळं सोडून आलेलं ते कुटुंब बराकीत राहत होतं. ती बाई लोणची आणि पापड करून विकत असे. तिच्या ओढणीला हळदीचा, मोहरीचा वास येई. मुलगी फिकट, डोळे पिवळसर, गालांची हाडं वर आलेली, हातपाय काडीसारखे आणि पोट फुगलेलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला तेव्हा डाव्या बरगडीखालची प्लीहा वाढून बेंबीपर्यंत लागली. बाईने स्वतःच सांगितलं की तिच्या दिराचा मुलगा असाच फिकट होऊन गेला.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. मीही तिथेच उभी होते.

"दोन आजार असू शकतात. एकात रक्तपेशी गोल, नाजूक असतात. प्लीहा त्या मोडून टाकते. तसं असेल तर पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करून प्लीहा काढायची. मुलगी सुधारेल."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याला माझ्याकडे उपाय नाही. बाहेरचं रक्त देत राहायचं, जोवर चालेल तोवर."

"पहिलाच असेल," बाई म्हणाली. तिचं मराठी हिंदीतून येई. "डॉक्टरसाहेब, पहिलाच लिहा."

"लिहून होत नाही, बहेन." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाई तपासतील."

काचेवर पसरलेल्या रक्तावरून डॉक्टरांना दुसऱ्याचीच शंका होती, हे त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. पण पेशी रंगवायचा आमचा रंग जुना होता, सूक्ष्मदर्शकाची काच धुरकट होती. त्यांनाही ती शंका चुकीची ठरायला हवी होती.

तपासणी सोपी होती. परीक्षानळ्यांची एक ओळ. पहिल्या नळीत रक्तातल्याइतकं मीठ, पुढे प्रत्येकीत थोडं थोडं कमी, शेवटच्या नळीत नुसतं ऊर्ध्वपातित पाणी. प्रत्येकीत मुलीच्या रक्ताचा एकेक थेंब. पेशी नाजूक असतील तर मीठ थोडं कमी होताच फुटतील. नळीतलं पाणी लाल पण पारदर्शक होईल, मागे धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता येतील. न फुटलेल्या पेशी पाणी गढूळ ठेवतात आणि शेवटी तळाशी लाल ठिपका होऊन बसतात. शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची दुसरी ओळ लावायची. निरोगी माणूस म्हणजे मी.

मुलीच्या हातात शीर सापडत नव्हती. सापडली तेव्हा ती रडलीही नाही. रडायचीही ताकद नव्हती. काचेचे मणी घातलेल्या बाटलीत रक्त हलवलं, म्हणजे ते गोठत नाही. थेंब सोडले आणि आम्ही वाट पाहत बसलो. बाई दाराशीच बसून राहिली. तिला बाहेर जा म्हणायचं मला जमलं नाही.

माझ्या ओळीत अर्ध्याच्या पुढे रंग उतरू लागला आणि त्याच्या पुढच्या नळ्या स्वच्छ लाल झाल्या. मुलीची ओळ तशीच. जिथे माझं रक्त पूर्ण फुटलं होतं तिथे तिचं तळाशी लाल ठिपका होऊन बसलं होतं, वरचं पाणी जवळपास निर्मळ. त्याच्या पुढच्या नळीतही तेच. पाणीच पाणी असलेल्या शेवटच्या नळीत तेवढं फुटलं.

बाई उठून जवळ आली. दोन्ही ओळींकडे पाहिलं.

"हे कुणाचं?"

"माझं."

"हे फुटलं. आणि हे माझ्या मुन्नीचं? हे नाही फुटलं?" तिने माझा हात धरला. "पक्कं आहे! तुझ्यापेक्षा पक्कं! देवा, माझ्या पोरीचं रक्त मजबूत आहे."

ती हसत होती. तिने मुलीला उचलून नळ्यांसमोर धरलं. "बघ, तुझं बघ."

मी इतकंच म्हणाले, "डॉक्टरांना बोलावते."

डॉक्टरांनी ओळ पाहिली आणि स्टुलावर बसले. त्यांनी तिला सांगितलं की ह्या पेशी मजबूत म्हणून टिकल्या नाहीत. त्या पातळ, सैल, अर्ध्या रिकाम्या आहेत. सैल थैलीत पाणी जास्त मावतं, म्हणून ती उशिरा फुटते. ज्यांचं प्लीहा काढून भागतं त्यांच्या पेशी लवकर फुटतात.

"म्हणजे फुटायला हवं होतं?"

"हो."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "बहेनजी, मीठ कुठलं वापरता?"

मी बाटली दाखवली. तिने दोन दाणे जिभेवर ठेवले. "हे खरं नाही. जुनं आहे, ओल लागली आहे. असल्या मिठात कैरीला पाणी सुटत नाही. दोन कैऱ्या कापून बघा, माझ्या मिठात एका रात्रीत आपल्याच पाण्यात बुडतात." त्या बोलण्यात टोमणा नव्हता. लोणचं बिघडलं की ती पहिल्यांदा मिठाकडे पाहायची. तिच्या धंद्यात ते बरोबरच होतं.

डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "तुमची ओळ बरोबर आली म्हणजे मीठ बरोबर आहे."

ते मलाही माहीत होतं. तेच द्रावण, तेच पाणी. माझं रक्त जिथे फुटायला हवं होतं तिथेच फुटलं होतं. तरी मी म्हणाले, "सर, पुन्हा करू द्या."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "करा," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती कापडात बांधून मीठ घेऊन आली. जाडं, पांढरं, उन्हात वाळवलेलं. मी ते कुटलं, तापवून कोरडं केलं, तराजूत तोललं. खरं म्हणजे असलं मीठ अशा तपासणीला चालत नाही, त्यात दुसरे क्षार असतात. म्हणून आधी त्या जांभळ्या पानाची साल त्याच्या तीव्र पाण्यात टाकली. आतला रंग आक्रसून भिंतीपासून सुटला. माझ्या रक्ताचा थेंब त्याच्या रक्ताइतक्याच खारट पाण्यात टाकला, पेशी जशाच्या तशा राहिल्या. चालेल, असं मी ठरवलं. खरं तर मला ते चालायला हवं होतं. भोसरीची मुलगी नळ्या विसळत होती. तिने विचारलं, "ताई, या मिठानं निराळं होईल व्हय?" मी पुढची नळी तिच्या हातात विसळायला दिली.

मुलीला पुन्हा टोचलं. या वेळी तिने दुसरा हात आपणहून पुढे केला.

बाई आज दाराशी बसली नाही. माझ्या शेजारी उभी राहिली, आणि वर्तमानपत्र हातात घेऊन नळ्यांच्या मागे स्वतः धरलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, पण अक्षर दिसतं की नाही एवढं कळत होतं. माझ्या ओळीत अक्षरं दिसू लागली. मुलीच्या ओळीत पेशी अजून तळाशी बसल्या नव्हत्या, पाणी गढूळ होतं; ती एकेका नळीमागे कागद सरकवत गेली. नाही. नाही. इथेही नाही. शेवटच्या नळीशी आली तेव्हा कागदावरची काळी रेघ लालीतून स्पष्ट दिसली.

"ही! ही फुटली, बहेनजी!"

"त्यात मीठ नाही," मी म्हणाले. "नुसतं पाणी आहे. त्यात सगळ्यांचंच फुटतं."

"तुझंही?"

"माझंही."

तिने माझ्या ओळीतली शेवटची नळी पाहिली, मग मुलीची. दोन्ही सारख्या लाल होत्या. दोन्हींमागे तिने कागद धरून पाहिला.

"मग डॉक्टरसाहेबांना हीच दाखव," ती म्हणाली. "बाकीच्या नको दाखवू. ही एकच दाखव."

मुलगी बाकावर झोपली होती. बाईने ती नळी स्टँडमधून काढली आणि माझ्या हातात दिली. मी ती धरून उभी राहिले. व्हरांड्यातून डॉक्टरांची पावलं येत होती, आणि ते ओळ शेवटच्या नळीपासून नाही, पहिलीपासून वाचायला सुरुवात करतील हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.