नाल्यावरचा पूल

मी हे बायकोलाही सांगितलेलं नाही. नगरबाहेरच्या रेंजवर डिव्हिजनचा सराव होता, तेव्हा ब्रिगेड मुख्यालयात क्लार्क असलेला मी एका चांगल्या माणसाची बढती घालवली.

आज पारनेरात भरतीच्या पोरांना फळ्यावर शिकवतो. बटालियन म्हणजे आठशेच्या आसपास माणसं. तिचा कर्नल बहुतेकांना चेहऱ्यानं ओळखतो, आणि प्रत्यक्ष लढते तीच. अशा तीनेक बटालियन ब्रिगेडियरच्या हाताखाली, त्यांचा मेळ घालते ती ब्रिगेड. तीन-चार ब्रिगेड आणि वर स्वतःचा तोफखाना, इंजिनियर, सिग्नल म्हणजे डिव्हिजन; तिथं मेजर जनरल. पोरं वहीत उतरवून घेतात. मधल्या पायरीवर बसलेला क्लार्क स्वतःला काय समजतो, ते मात्र फळ्यावर लिहीत नाही.

सरावात एका बटालियनच्या वाटेत नाला होता. गाड्या पलीकडे न्यायला पूल हवा, पूल टाकणारे इंजिनियर डिव्हिजनकडे. बटालियनचा हवालदार, देवळाली प्रवरेचा, मागणीचा कागद पुढे पाठवायला स्वतःच आमच्या तंबूत आला. वेळ नव्हता, म्हणून कागद थेट डिव्हिजनच्या नावे होता.

मी म्हणालो, "ब्रिगेड मधी हाय, हे विसरलात काय?"

"न्हाई विसरलो. तुमचा साहेब आमच्या साहेबाचा साहेब हाय, मान्य. तू माझा साहेब कधीपासून झालास, लेका?"

तंबूतले सगळे हसले. मी कागदावर 'योग्य मार्गाने पाठवावे' असं सुवाच्य अक्षरात लिहून त्याच्या हातात परत दिला. नियमानं मी बरोबर होतो. फोन उचलून ब्रिगेडच्या स्टाफ अधिकाऱ्याला सांगितलं असतं, तर दोन मिनिटांत काम झालं असतं. आवक नोंदवहीत तर मी कागद चढवलाच नाही.

हवालदार कागद नव्यानं लिहून घ्यायला माघारी गेला. तेवढ्यात हल्ल्याची वेळ झाली. गाड्या नाल्याच्या काठाला रांगेनं उभ्या राहिल्या आणि सरावाच्या पंचांनी बटालियन कागदोपत्री मारून टाकली. ते आठशे मयत मग ओळीनं बसून चहा प्याले.

संध्याकाळी ब्रिगेडियरसाहेबांनी विचारलं, "मागणी आली होती का?"

"नाही, साहेब."

नोंदवही माझी, शब्दही माझा, तंबूत हसलेलेही माझ्याच हाताखालचे. आठशे माणसांचा कर्नल साहेबांची बोलणी खात उभा राहिला. हवालदारानं माझ्या अक्षरातला शेरा दाखवला असता तर मी संपलो असतो. पण नवा कागद तयार झाल्यावर त्यानं जुना फाडून टाकला होता. मागणी वेळेत न पोचवल्याचा ठपका त्याच्यावर बसला; त्याला नायब सुभेदारी मिळायची होती, ती अडली. तो हवालदार म्हणूनच घरी गेला. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो, गावात सत्कारही झाला.

त्याचा ऊस आहे, तब्येत बरी आहे, एवढं कळतं. इथून अर्ध्या दिवसाचा रस्ता. गेलो नाही.

मी त्याला माझ्या सहीचं एक पत्र देणं लागतो: मागणी आली होती, मी परत केली, आणि साहेबांपुढे खोटं बोललो.