गच्चीवरचा टक्

आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली. म्हणून लोहाऱ्याच्या तहसीलचा अर्ज असो नाहीतर शाळेचा दाखला, आळीतला प्रत्येक कागद माझ्याकडं येतो, आणि मी तो ऐटीत लिहून देते. एसी बिघडला तेव्हाही त्याच ऐटीत मिस्त्रींना मेसेज पाठवला:

'महोदय, विषय: वातानुकूलन यंत्र नादुरुस्त असल्याबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती करते की, आमचे यंत्र नीट चालत नसून आपण त्वरित येऊन पाहावे.'

मिस्त्री उमरग्याहून यायचे. आमच्या बाजूला त्यांची फेरी आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी. त्या दिवशी सोमवार होता, आणि तेवढी सवड आमच्याकडं नव्हती. मोठी बहीण बाळंतपणाला आलेली, बाळ बारा दिवसांचं, मानेवर घामोळ्या उठलेल्या. तिच्या सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "एसी हाय म्हनून तिकडं ठिवली व्हती. बंदच असंल तर परवा जीप घिऊन येतो. हितं कूलर तरी चालू हाय." सव्वा महिना पुरा व्हायच्या आत लेक परत जाणार, या विचारानं आईनं दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं.

मिस्त्रींचं उत्तर आलं: 'ताई, अर्ज नको. काय होतंय ते लिहा. कधीपासून, कसला आवाज, कुठल्या वेळी. त्याशिवाय मला कळणार कसं?'

मला राग आला. मग लक्षात आलं, इतक्या शब्दांत मी खरंच काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही पाळत ठेवली. मी घड्याळ घेऊन एसीखाली, बहीण बाळाला घेऊन पलंगावर, आणि आई गच्चीवर, बाहेरच्या युनिटपाशी. तिला तसंही वर काम होतंच.

"गुरगुर हाय का गं?" मी जिन्यातून ओरडले.

"हाय की! रेड्यावानी हाय!"

अठराव्या मिनिटाला वरून हाक आली, "टक् झालं! गप पडलं बग!"

खाली एसीचा पंखा तसाच फिरत होता, पण वारं साधं, आपल्या छताच्या पंख्यासारखं. बहीण म्हणाली, "लिव, लिव. 'टक्' असंच लिव, 'ध्वनी' लिवू नको."

मी लिहिलं:

'दादा, रविवारपासून त्रास. सकाळी नऊपर्यंत खोली छान गार होते. अकरानंतर लावला की पंधरा-वीस मिनिटं गार वारं, मग बाहेरच्या युनिटमधून टक् असा आवाज येतो आणि गुरगुर थांबते. आतला पंखा चालूच राहतो, पण वारं गार नसतं. अर्ध्या तासानं आपोआप गुरगुर सुरू, थोड्या वेळात परत टक्. संध्याकाळी सहानंतर ठीक. पाणी गळत नाही, वास नाही, कसला कोड दिसत नाही. जाळी मागच्या आठवड्यात धुतली.'

पाच मिनिटांत फोनच आला.

"ताई, गॅस कमी असता तर सकाळी पन खोली गार झाली नसती. तुमचं फक्त दिवसा हुतंय. रविवारी गच्चीवर नवीन काय केलं?"

"काहीच नाही," मी ठणकावून सांगितलं.

"एकदा वर जाऊन बघा तर."

गेले. बाहेरच्या युनिटच्या पंख्यासमोर बाज उभी टेकवलेली, बाजेवर धोतराचं पान, त्यावर चिकटवलेल्या कुरडया. धूळ बसू नये म्हणून वरून जुनी साडी, चिमट्यांनी भिंतीपर्यंत ताणलेली. युनिट त्या तंबूत कोंडलेलं. आई शेजारी बसून एक-एक कुरडई सोडवत होती.

"आई, हे कधीपासून?"

"रव्वारपासनं. इतकं गरम वारं फुकट चाललंय! एका दिसात कडकडीत. सांजच्याला काडून ठिवते की."

मी फोन स्पीकरवर लावला. मिस्त्री मोठ्यानं हसले. "मावशी, खोलीतली गर्मी तो हितनं भायेर टाकतो. तुमी वाट अडिवली, तर तेच गरम वारं परत आत वढतो. लई तापला की आपनहून बंद पडतो, जळू नये म्हनून. निवला की परत चालू."

"मंग तसं आदी सांगायचं न्हाय व्हय!" आईनं त्यांनाच झापलं.

बाज पलीकडच्या कोपऱ्यात, उन्हात गेली. दुपारचे बारा, एक, दोन वाजले. गुरगुर थांबली नाही. बाळ पहिल्यांदाच दुपारभर झोपलं. मिस्त्रींचा मेसेज आला: 'माझी फेरी वाचली. असं लिहिणारं गिऱ्हाईक मिळत नाही.' तो मी बहिणीला दोनदा वाचून दाखवला, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

चारला सासूबाईंचा फोन. बहीण म्हणाली, "आत्या, चालू झालाय. बाळ निजलंय."

"मंग ऱ्हा सव्वा महिना," त्या म्हणाल्या. लगेच पुढं, "जीप सांगूनच ठिवलीया, तर म्याच येती. गारव्याला आठ दिस ऱ्हाती."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग बहिणीकडं. "येऊ द्या की," ती मोठ्यानं म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा स्वतःसाठी ताट वाढून घेतलं.