आपल्या माणसांचं व्याज

बचत गटातल्या सगळ्या बायका तिला खजिनदारबाई म्हणायच्या. चेष्टेत नव्हे हं, मनापासून. नवरा मात्र चेष्टेनेच म्हणायचा, "खजिनदारबाई, गरिबाला चहासाठी थोडं कर्ज मंजूर होईल का?" ती हसायची, पण आतून सुखावायची. दिवसभर शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईला पदवी मिळणं ही काय लहानसहान गोष्ट आहे? तिचं अक्षर सुरेख, हिशोब चोख, आणि तोंड बंद ठेवायची सवय. कोणी कशासाठी कर्ज घेतलं हे तिच्या तोंडून कधी कोणाच्या कानावर गेलं नाही.

अध्यक्ष होती तिची थोरली जाऊ. दोघी एकाच घरात वर-खाली राहायच्या. थोरली बोलकी, ठसकेबाज, चार लोकांत उठून दिसणारी. बँकेत गेली की कारकून खुर्ची पुढे करायचा. धाकटीने सही करायची आणि थोरलीने बोलायचं, असा रिवाजच पडून गेला होता. खात्यातून पैसे काढायला दोघींच्या सह्या लागत, आणि धाकटी थोरलीची सही आधी झालेली बघायची आणि मग खाली आपली करायची. त्यात विचारायचं काय? ताई आहे ना!

भानगड सुरू झाली ती एका अफवेने. इस्त्रीवाली कुठूनतरी ऐकून आली, की गटाच्या व्याजावर सरकार कर लावतं, आणि भरला नाही तर सगळं खातंच गोठवतं. झालं! सभेत नुसता कल्ला. पोळ्या करणारी म्हणाली, "मोडून टाका गट, ज्याचं त्याला वाटून द्या, सरकारला कशाला?" दुसरी म्हणाली, "आपणच साठवायचं, आपणच व्याज भरायचं आणि वर करही द्यायचा? हे काय लोकांनी मांडलंय?" खजिनदारबाई वही मिटून ऐकत राहिली. हा गट मोडला तर काय उरणार होतं तिच्याजवळ? शिलाई मशीन आणि पायदुखी.

तिने ठरवलं, जाणकाराला विचारायचं. चौकातल्या इमारतीत एक सी.ए. मॅडम बसत. समोर जाऊन विचारायचं तर जीभ टाळ्याला चिकटणार, म्हणून तिने पत्र लिहायचं ठरवलं. थोरली शेजारी बसून चहा पीत होती.

तिने लिहिलं, "महोदया, आम्ही बायका दर महिन्याला ठरावीक बचत करतो. ती कमाई धरतात का? त्यातून आम्ही सभासदांना कर्ज देतो, त्याचं व्याज गटात येतं. त्यावर कर लागतो का? बँक आमच्या बचत खात्यावर व्याज देते, त्याचं काय? आणि वर्षाअखेरीस..."

"थांब थांब," थोरली म्हणाली. "सभासदांना कशाला? कसं कोरडं कोरडं वाटतं. 'आपल्या माणसांना' लिही. गोड वाटतं."

खजिनदारबाईला पटलं. तिने 'सभासदांना' खोडून 'आपल्या माणसांना' लिहिलं. पत्र स्वतः नेऊन दिलं आणि जिन्यावरून अशी भराभर उतरली, जणू काही चोरून आणलंय.

उत्तर आलं ते छापील कागदावर, साध्या भाषेत. ती गणवेशाच्या दुकानातून सुटली तशी वाटेतच थांबून वाचत बसली. मॅडमनी लिहिलं होतं, की सभासदांची बचत ही कमाई नव्हे, ते त्यांचेच पैसे आहेत, त्यामुळे त्यावर कर नाही. सभासदांनी कर्जावर दिलेलं व्याजही साधारणपणे करात येत नाही, कारण देणारे आणि त्याचा लाभ घेणारे तेच लोक असतात. आपल्याच खिशातून आपल्याच खिशात. बँकेने दिलेलं व्याज मात्र कमाईच, कारण बँक काही तुमची सभासद नव्हे. ते गटाच्या नावे दाखवायला हवं, आणि गटाचं पॅन वेगळं असायला हवं, कोणा एकीचं वापरू नये. गटाची एकूण कमाई फार नसेल तर कर शून्यही होऊ शकतो. आकडे बघून सांगते.

आणि मग शेवटी एक ओळ होती. "आपल्या पत्रात 'आपल्या माणसांना' असं आहे. ही सगळी माणसं गटाची सभासद आहेत ना? सभासद नसलेल्या कोणाला कर्ज दिलेलं असेल, तर त्याचं व्याज हे वेगळं, ते करपात्र आहे. म्हणून सध्याच्या कर्जदारांची यादी पाठवावी, आणि प्रत्येकीपुढे सभासद आहे की नाही ते लिहावं."

खजिनदारबाईला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! गट मोडायची गरजच नव्हती. बाहेरचं तर कोणीच नव्हतं. तिने रात्री यादी केली आणि दुसऱ्या दिवशीच्या सभेत उभी राहून पत्र वाचून दाखवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोळ्या करणारी म्हणाली, "अगं, बघ, आमची खजिनदारबाई म्हणजे!"

मग ती यादी वाचायला लागली. एरवी यादी थोरली वाचायची, भरभर, सगळ्यांना घरी जायची घाई असायची तेव्हा. आणि भाजीवाली बाजार आटोपून येईपर्यंत ती संपलेली असायची. आज बाजार बंद होता. भाजीवाली पहिल्यापासून बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"भाजीवाली, सभासद, कर्ज..."

"कुठलं कर्ज?" भाजीवालीने विचारलं. "माझं नाव का घेतलं? मी कधी कर्ज घेतलं हो?"

खजिनदारबाईने थोरलीकडे बघितलं. थोरलीने पदर सावरला आणि म्हणाली, "घेतलंस की, विसरलीस. आजारी होतीस ना तेव्हा. मीच घरी आणून दिलं होतं."

"मला तर काही दिलं नाही ताई. तुम्ही म्हणालात बँकेच्या फॉर्मवर अंगठा लागतो, मी दिला. एवढंच."

आता खजिनदारबाईच्या डोळ्यांपुढे एकेक गोष्ट जुळायला लागली. भाजीवालीच्या कर्जाचे पैसे थोरलीने रोख काढून नेले होते, दोघींच्या सहीने. हप्ते दर महिन्याला थोरलीच आणून द्यायची, "ती बाजारातून यायची कुठे गं" म्हणत. गटात व्याज वेळेवर यायचं, मग कोण विचारणार? आणि 'सभासदांना' खोडायला सांगितलं होतं ते काय उगाच?

सभा कशीबशी संपली. जिन्यात तिने थोरलीला गाठलं. "ताई, पैसे कोणाकडे आहेत?"

"माझ्या भावाकडे," थोरली म्हणाली. इतकी सरळ म्हणाली, की जणू मीठ कुठे ठेवलंय ते सांगतेय. "बाजारात गाळे आहेत त्याचे, त्यांचं काम काढलंय. तो मला जास्त दराने व्याज देतो, मी गटाचं गटाला भरते. मधलं माझं. एक पैसा बुडला का गटाचा? भाऊ म्हणजे काय परका आहे? आपलाच माणूस ना!"

"आणि माझी सही?"

"तुझी सही आहे ती आहेच की. म्हणून तर सांगते, गप्प बस. मी बुडाले तर तूही बुडशील."

अशी बोलते का जाऊ? ज्या बाईने हिच्या बाळंतपणात रात्ररात्र जागून काढली, जिच्या पाठीमागे उभं राहून ही बँकेत शिरली, तिने असा केसाने गळा कापावा? खजिनदारबाईला रडूही आलं नाही. तिला राग पैशांचा नव्हता. ती सही करत असताना ताई शेजारी उभी राहून तिच्याकडे बघत असे, आणि मनात मधलं मोजत असे, हे तिच्या डोक्यातून जाईना.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. म्हणाला, "घरातली गोष्ट आहे, घरातच मिटव. त्या मॅडमना लिहून टाक, बाहेरचं कोणी नाही."

"तुम्हीसुद्धा?"

तो मान वर न करता कांदा चिरत राहिला.

पुढची सभा भरली ती नुसत्या याच विषयावर. थोरली सगळ्यांच्या घरी फिरून आली होती, हे खोलीत पाऊल टाकताच कळलं; कोणी नजरेला नजर देईना. खजिनदारबाईने तरी सांगितलं. भावाकडून आलेलं व्याज बाहेरच्या माणसाचं आहे, ते वेगळं दाखवलं तर कर फार होणार नाही, कदाचित शून्यच; पण लपवलं तर आपण सगळ्या खोट्या ठरू. आणि भाजीवालीच्या डोक्यावर न घेतलेलं कर्ज कशाला?

"तिलाच विचारा की," थोरली शांतपणे म्हणाली.

सगळ्यांनी भाजीवालीकडे बघितलं. तिच्या गाडीची जागा त्याच भावाच्या गाळ्यांपुढे होती, हे खजिनदारबाईच्या तेव्हा लक्षात आलं. भाजीवाली जमिनीकडे बघत म्हणाली, "घेतलं होतं मीच. मला आठवलं नाही तेव्हा."

इस्त्रीवाली म्हणाली, "संपलं तर मग! कशाला घोळ घालायचा?" पोळ्या करणारी, जिने टाळ्या वाजवल्या होत्या, ती म्हणाली, "खजिनदारबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा ना, सगळ्या सभासदच आहेत म्हणून. आणि मग पद सोडायचं असेल तर सोडा, कोणी अडवत नाही."

बारा घरांतल्या बायका, आणि तिच्यासाठी एकीचंही तोंड उघडलं नाही. ती ज्यांच्या गुपितांवर इतकी वर्षं बसली होती, त्या सगळ्यांनी मिळून तिच्या हातात पेन दिलं.

तिने लिहिलं. "महोदया, यादीतल्या एका कर्जाचे पैसे खरोखर कोणाकडे आहेत, याची खात्री मी देऊ शकत नाही. ते सभासद नसलेल्या माणसाकडे आहेत असं मला सांगण्यात आलं आहे. पैसे काढण्यावर माझीही सही आहे, ती मी न विचारता केली. याउपर खजिनदार म्हणून मी सही करणार नाही." सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. थोरली ओरडली, "घरात यायचं नाही आता माझ्यासमोर!" खजिनदारबाई पाकीट घेऊन उठली.

जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. भाजीवाली धापा टाकत होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि हळूच विचारलं, "बाई, रागावू नका. जागा गेली असती माझी. पण ते कर्ज... ते ताईंचे भाऊच फेडतील ना?"

खजिनदारबाईने तिच्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कागदावर आधी तुझा अंगठा होता," ती म्हणाली. "आज तू तोंडानेही हो म्हणालीस. त्याने नाही फेडलं, तर फेडायचं तुलाच."