नडगीला लागलं त्या दिवशी

आमच्या बॅचमधली बहुतेक मुलं तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये शिरली होती. हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसेस सकाळी कर्वेनगरमधून त्यांना उचलून न्यायच्या आणि मी त्याच रस्त्यावर एका गॅरेजमध्ये सोल्डरिंग करत बसायचो. विदर्भातून इलेक्ट्रॉनिक्स शिकायला पुण्यात आलो होतो, आणि मला हातात धरता येईल अशी वस्तू बनवायची होती. परदेशी पार्ट्स आता सहज मिळत होते. काय बनवायचं, एवढंच ठरत नव्हतं.

ते ठरवलं एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. जवळच त्यांचं क्लिनिक होतं. दुखणं कमी करण्यासाठी त्वचेवर चिकटपट्ट्या लावून हलकी वीज सोडणारं त्यांचं परदेशी मशीन बंद पडलं होतं. दुरुस्तीला कोणी हात लावेना. मी उघडून पाहिलं तर आतली मुख्य चिप जळलेली, आणि तिच्यावरचा नंबर कंपनीने घासून टाकलेला.

"दुरुस्त होणार नाही," मी म्हणालो. "पण नवीन बनवून देतो."

मॅडमनी मला नीट पाहून घेतलं. "बनवा. पण आधी स्वतःला लावून बघा. माझ्या पेशंटला नंतर."

मी बनवलं. बॅटरीवर चालणारं, करंट ठरावीक मर्यादेच्या वर जाणार नाही असं. माझ्या डोक्यात चित्र साधं होतं: दुखणं म्हणजे तारेतून जाणारा सिग्नल, आणि त्यावर दणदणीत सिग्नल सोडला की तो दबून जाणार. म्हणून पल्स, म्हणजे विजेचा एकेक ठोका, रुंद, जास्त वेळ टिकणारे ठेवले आणि जोर भरपूर. स्वतःच्या हाताला लावलं तेव्हा चांगलंच चावलं. मला वाटलं, म्हणजे काम करतंय.

पहिल्या पेशंट होत्या एक निवृत्त शिक्षिका. पायऱ्यांवरून पडून त्यांची गुडघ्याची वाटी फुटली होती. हाड जुळलं होतं, प्लास्टर निघालं होतं, आता गुडघा वाकवायला हवा, असं त्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मॅडमनी पाय जरा वाकवला की कळ यायची आणि मांडीचे स्नायू दगडासारखे आवळायचे. महिनाभर हेच चाललं होतं.

मी गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या आणि बटण फिरवलं.

"अहो!" बाई ओरडल्या आणि पट्टी ओढून काढली. "माझा गुडघा दुखतोय एवढं पुरेसं आहे. आपण भर घालायची गरज नाही."

मी गडबडीने मशीन उचलायला वळलो आणि लोखंडी कॉटच्या कोपऱ्यावर माझी नडगी आदळली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी एका पायावर उभा राहून नडगी दोन्ही हातांनी खसाखसा चोळू लागलो.

"का चोळताय?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"दुखतंय म्हणून."

"चोळल्याने बरं वाटतंय?"

वाटत होतं. मी कबूल केलं.

"मग तुमच्या मशीनने तेच करायचंय. तुम्ही कधी विचारलंच नाहीत." त्या स्टुलावर बसल्या. "आधी सण्णकन कळ आली ना? आणि आता ठणकतंय?"

"हो."

"दोन वेगळ्या मज्जातंतूंनी निरोप नेला. दोन्ही बारीकच. कळ नेणाऱ्यांवर पातळ आवरण असतं, म्हणून ते जरा वेगात. ठणका नेणाऱ्यांवर ते नसतंच, म्हणून ते मागून रमतगमत येतात. दोघंही कातडीपासून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतात. तिथे निरोप पुढच्या पेशीच्या हातात जातो, ती दुसऱ्या बाजूला जाऊन वर मेंदूकडे पाठवते. मेंदूपर्यंत पोचलं, की मग आपण आई गं म्हणतो."

बाई आता कान देऊन ऐकत होत्या.

"पण मज्जारज्जूतल्या त्या देवघेवीच्या जागी एक फाटक आहे असं समजा. चोळणं, दाब, स्पर्श, हे नेणारे तंतू जाड असतात आणि फार वेगवान. तेही त्याच जागी येतात आणि तिथल्या छोट्या अडवणाऱ्या पेशींना जागं करतात. त्या पेशी फाटक लोटतात. दुखण्याचा निरोप पूर्ण थांबत नाही, पण कमी जातो. आणि बारीक तंतूंचा मारा वाढला, की त्याच पेशी गप्प बसतात आणि फाटक उघडतं. खरं चित्र याहून गुंतागुंतीचं आहे, पण कामापुरतं एवढं पुरे."

मी नडगी चोळायची थांबवली. "म्हणजे मला जाड तंतूच जागे करायचेत. बारीक नाही."

"हो. तुम्ही सगळ्यांनाच उठवलंत."

जाड तंतू थोड्या विजेनेही जागे होतात. बारीक तंतूंना उठवायला जोर लागतो आणि पल्स रुंद लागतो. मी नेमकं तेच देत होतो. फाटक लोटायला निघालो होतो आणि उघडणाऱ्यांनाच हाका मारत होतो!

गॅरेजमध्ये परतलो तो जवळजवळ पळतच. पल्सची रुंदी ठरवणारा कपॅसिटर काढून लहान बसवला. एका सेकंदात शंभराच्या आसपास पल्स, पण प्रत्येक अगदी अरुंद. पट्ट्या हातावर लावल्या आणि जोर हळूहळू वाढवला. चावलं नाही. मुंग्या आल्यासारखी भरभक्कम झिणझिण हातभर पसरली. मग दोन पट्ट्यांच्या मध्ये कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. मशीन बंद असताना तो झोंबत होता. चालू केल्यावर काही वेळाने चिमटा आहे हे कळत होतं, पण झोंबणं मागे सरलं होतं. मी तीनदा बंद-चालू करून बघितलं आणि एकटाच मोठ्याने हसलो.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा कॉटवर. पट्ट्या हातात दिसताच त्यांनी भुवई उंचावली.

"आज चावलं तर?"

"नाही चावणार. जोराचं बटण तुमच्याच हातात देतो."

त्यांनी ते हातात घेतलं आणि तांदूळ निवडावेत तशा बारकाईने फिरवलं. "मुंग्या आल्या. ... अजून आल्या. ... बास, इथे छान वाटतंय."

थोडा वेळ तसाच जाऊ दिला. मग मॅडमनी त्यांच्या टाचेखाली हात घातला. "आता वाकवते. दुखणं अजिबात जाईल असं नाही. सोसवेल इतकंच असेल."

पाय वाकू लागला. रोज जिथे अडायचा ती जागा आली. मी मांडीकडे बघत होतो. स्नायू आवळले नाहीत. पाय त्या जागेच्या पुढे गेला. आणखी पुढे गेला. बाईंनी श्वास रोखून धरला होता, तो एकदम सोडला.

"गेला की हो पुढे!" त्या उठून स्वतःचा गुडघा बघू लागल्या. "दुखतंय, पण लांबून दुखतंय."

मॅडमनी कोन मोजला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू होतं.

मशीनने गुडघा बरा केला नाही. तो बाईंनी बरा केला, रोज घाम गाळून. मशीनने फक्त व्यायामापुरतं फाटक लोटून धरलं, आणि बंद केल्यावर दुखणं बऱ्याचदा परतही यायचं. पण दर वेळी पाय थोडा जास्त वाकलेला असायचा. आधी वॉकर सुटला, मग काठी. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. एका सकाळी त्यांनी मला आणि मॅडमना सोसायटीच्या दारात बोलावलं आणि भाजीची पिशवी हातात घेऊन पायरीमागून पायरी, एक पाय पुढे, मग दुसरा पाय पुढे, अशा चढल्या. कठड्याला हात लावला तो फक्त वळणावर. आम्ही मागे.

वर पोचल्यावर त्यांनी कुलूप उघडलं, आम्हाला आत घेतलं आणि चहा टाकायला गेल्या. धापा आम्ही दोघंच टाकत होतो. ते बघून बाई दारातून म्हणाल्या, "तुमच्या दोघांसाठीही काहीतरी मशीन काढायला हवं."

मॅडम पहिल्यांदाच खळखळून हसल्या. चहा पिता पिता त्यांनी आणखी दोन मशीन बनवायला सांगितली, आणि एक त्यांच्या मैत्रिणीच्या क्लिनिकसाठी. मी हो म्हणालो, आणि पेन हातात नसल्यामुळे मशीनचा डबा कसा असेल ते तिथल्या तिथे बोटाने टेबलावर काढून दाखवू लागलो.