प्रत माहितीसाठी

व्यंकटराव कचेरीतून निवृत्त झाले तरी हाताची सवय काही जाईना. सोसायटीच्या गळक्या नळाची तक्रारसुद्धा ते चौघांना प्रती लावून करत. खाली ‘प्रत माहितीसाठी’ लिहिलं की समोरचा साहेब टाळाटाळ करत नाही, ही त्यांची ठाम समजूत. आणि खोटं कशाला बोला, उभ्या नोकरीत ती बऱ्याचदा खरीही ठरली होती.

दुष्काळाचं साल होतं. शहराच्या कडेला ते राहत त्या सातारा परिसरात इमारतींवर इमारती चढत होत्या आणि खालचे बोअर आटत होते. त्यांची लेक स्वराली सिव्हिल इंजिनिअरिंगला होती. तिला ‘भूजल’ हाच ऐच्छिक विषय हवा होता, पण वर्गातल्या सगळ्या जागा भरल्या होत्या. शिवाय त्याआधी जलविज्ञान शिकलेलं असावं अशी अट. स्वराली दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन आलेली, तिचा तो विषय राहून गेला होता.

शिकवणाऱ्या नीरजा मॅडम म्हणाल्या, “मला एक मेल टाक. कारणं नीट लिही. विभागप्रमुखांची सही घेऊन एक जागा वाढवते, अटही माफ करून घेते.”

स्वरालीनं मन लावून लिहिलं. जलविज्ञानाचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र जोडलं, सुट्टीत गंगापूरकडच्या विहिरींची पातळी मोजल्याचं सांगितलं. पाठवणार तोच खाली टँकर आला आणि ती हंडे घेऊन पळाली.

व्यंकटरावांनी मेल वाचला. पोरीनं झकास लिहिलं होतं, पण एकट्या मॅडमना? त्यांनी प्राचार्य, परीक्षा विभाग आणि संस्थेचे सचिव यांचे पत्ते घातले आणि पाठवून टाकला. स्वराली वर आली तेव्हा ते खुशीत म्हणाले, “आता बघ कसा हलतो कागद.”

तिनं स्क्रीन पाहिली. “बाबा, हे काय केलंत?”

दुसऱ्या दिवशी स्वरालीला मॅडमचा फोन आला. व्यंकटरावांनी हौसेनं स्पीकर लावला.

“स्वराली, प्राचार्यांनी माझ्याकडे खुलासा मागितलाय. प्रतीक्षा यादीतली मुलं सोडून हिलाच जागा कशी, म्हणून. आता यंदा कुणालाच अट माफ नाही, असं ठरलंय. अगं, तुझं काम माझ्या टेबलावर झालं असतं गं.”

फोन बंद झाला. इतकी वर्षं ज्या ओळीवर व्यंकटरावांनी लोकांची अडलेली कामं काढून दिली, तिनंच घरच्या पोरीचं काम अडवलं होतं. ते चाचरत म्हणाले, “मी अपील लिहू का?”

“नको, बाबा,” स्वराली म्हणाली. तिनं लॅपटॉप उचलला, आतल्या खोलीत गेली आणि आजवर कधी लावली नव्हती ती कडी लावली.