बाबांच्या जखमेची वही

माझे बाबा, दयाराम गजभिये, मानक नगरला रेल्वेत तीस वर्षं नकाशे काढत होते. अर्ध्या मिलिमीटरची चूक दिसली की अख्खा कागद फाडायचे.

डायबिटीसमुळे त्यांच्या तळपायाला जखम झाली. दिवसाआड ड्रेसिंग, एकदा आई करायची, एकदा ते स्वतः. नोंदी कॅलेंडरच्या पानांमागे खरडलेल्या. मी त्या तारखेप्रमाणे वहीत उतरवल्या: लांबी, रंग, ड्रेसिंग, फरक.

माझं डोकंच फिरलं. सोमवारी चार सेंटिमीटर, बुधवारी दोन, शुक्रवारी पुन्हा चार. रंग तोच फिका गुलाबी, ड्रेसिंगही तेच फोमचं. जखम अशी लहानमोठी होते का कधी? दोनाच्या नोंदी तेवढ्या बाबांच्या अक्षरात.

"बाबा, तुम्ही मोजता कसं?"

"तळवा दिसत नाही, म्हणून समोर आरसा ठेवतो. जखमेला स्केल लागायला नको, म्हणून आरशावरच धरतो."

"अहो बाबा, आरशातला पाय काचेच्या मागे तेवढाच लांब दिसतो, म्हणून काचेवर माप निम्मंच भरतं!"

बाबांनी पेन्सिलीने आपल्या सगळ्या नोंदी खोडल्या. आईच्या तेवढ्या उरल्या. महिनाभर चार, चार, चार.

या वेळी त्यांनी कागद फाडला नाही. म्हणाले, "जखम भरतच नाहीये गं. चल, हाच कागद डॉक्टरांना दाखवू."