भिंतीच्या वाटणीची ओल

मी कॉलेजात इमारतीचं भौतिकशास्त्र शिकवते आणि माझ्याच वडिलांच्या खोलीचं मी वाटोळं केलं. वर्गात हे कधी सांगितलं नाही.

हातखंब्याजवळच्या आमच्या गावी बाबांची खोली जांभ्या चिऱ्याची, आतून चुन्याचा गिलावा. दरवर्षी गणपतीआधी बाबा स्वतः चुना भिजवून भिंतींना त्याचा हात द्यायचे. त्याच खोलीतल्या लाकडी कपाटात त्यांच्या सात वह्या होत्या. गावच्या नमन-खेळ्यांसाठी, शिमग्यातल्या त्या नाच-नाट्यासाठी, त्यांनी रचलेली गाणी, सगळी शाईने लिहिलेली, दुसरी प्रत नाही. बाबांना विसरायला होऊ लागलं होतं, आणि त्यांच्याबरोबर गाणारे एकेक करून गेले होते. गाणी उरली होती ती फक्त वह्यांत.

पण गणपतीला आलेले चाकरमानी भिंतीला टेकले की पाठ पांढरी व्हायची. चुलतबहीण साडी झटकत म्हणाली, "घरात इंजिनियर असून ही दशा?" मला ते झोंबलं. मी चुना खरवडून काढला, पुट्टी भरली, वर धुता येणारा चकचकीत रंग दिला. फटी पडलेल्या जुन्या खिडक्या काढून सरकत्या काचा घट्ट बसवल्या.

बाबा दारात उभे राहून बघत होते. "बाय, भिंत गुदमरंल गो."

"भिंत श्वास घेत नाही, बाबा," मी म्हटलं. शास्त्र म्हणून ते बरोबरच होतं. दीडशहाणपणाला शास्त्राचा आधार असला की तो आणखी वाईट.

भिंत श्वास घेत नाही, पण ओल पिते. चुन्यात आणि चिऱ्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. हवा दमट झाली की वाफेतलं पाणी त्या छिद्रांच्या आतल्या अंगाला चिकटतं; दमटपणा वाढला की थर जाड होतो, आणि अगदी बारीक छिद्रं पाण्याने भरतात. हवा कोरडी झाली की भिंत ते परत देते, मात्र जरा हात राखून, थोडं धरून ठेवत. एका संध्याकाळच्या चढउतारात वरचे मोजके मिलिमीटरच कामाला येतात. नेमके तेच मी रंगाखाली बंद केले होते.

पुढच्या गणपतीत खोलीत भजनाला तीसेक माणसं, शेजारच्या स्वयंपाकघरात मोदकांची वाफ, बाहेर मुसळधार पाऊस म्हणून काचा बंद. सकाळी भिंतीवर पाण्याचे थेंब. मी फडक्याने पुसले आणि वर मिरवलंसुद्धा, "बघा, डाग नाही!" पाहुणे गेले, काचा तशाच बंद ठेवून खोली लावली आणि बाबांना घेऊन मी रत्नागिरीला परतले.

दिवाळीला गावी येऊन साफसफाईत कपाट उघडलं तर कुबट वास आला. वह्या फुगलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली, त्यांवर काळी-हिरवी बुरशी, शाई पसरलेली. बाबांनी एक पान सोडवायला घेतलं, ते हातातच फाटलं. त्यांनी तो तुकडा परत वहीत ठेवला आणि कपाट लावलं.

पुढे प्रयोगशाळेत मुलांना नेहमीचा प्रयोग दिला. झाकणाच्या डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला की आतली हवा साधारण पंचाहत्तर टक्के दमट राहते. त्या डब्यात, मिठाला न टेकवता, कोरडे, वजन केलेले तुकडे ठेवायचे आणि वजन स्थिर होईपर्यंत रोज तोलायचे. चिरा, चुन्याचा गिलावा, सगळ्या बाजूंनी रंगवलेला गिलावा. एका मुलीने हौसेने वहीचा कागदही ठेवला.

"मॅडम, रंगवलेल्याचं वजन हलतच नाहीये."

"हलेल, पण फार सावकाश. रंग वाट अडवतो."

"आणि स्वतःच्या वजनाच्या मानाने कागद सगळ्यांत जास्त प्यायलाय. मग भिंत रंगवली, तर खोलीतली ओल कुठे जाईल?"

मी खडू खाली ठेवला. "कागदात," म्हटलं. मग सावरून पुढचं सांगितलं: भिंत पावसाळा कोरडा करत नाही, ती फक्त संध्याकाळचा चढ झेलते, साठलेली ओल बाहेर न्यायला वारा लागतो. मी दोन्ही बंद केली होती, हे मात्र सांगितलं नाही. भिंतीच्या वाटणीची ओल वह्यांनी प्यायली होती.

त्या उन्हाळ्यात मी रंग खरवडून पुन्हा चुना लावला. खिडक्यांना वारा खेळता राहील अशा झडपा बसवल्या. खोली आता छान राहते.

बाबांना वह्या गेल्याचं आठवत नाही. गणपतीत ते आपली एखादी गवळण सुरू करतात, दुसऱ्या ओळीशी अडतात आणि माझ्याकडे वळतात.

"बाय, वही काढ गो."

मी उठते, रिकामं कपाट उघडते, आणि ते विसरेपर्यंत तिथेच पाठमोरी उभी राहते.